पाच महिने मी उलटा व्यायाम करत होते

"लघवी अडवताना जसं आवळतो, तसं आत ओढा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. तपासणीच्या टेबलावर मी आडवी होते आणि त्यांचं एक बोट योनीमार्गात होतं. मी श्वास रोखून जमेल तेवढा जोर लावला. पाच महिने रोज सकाळ-संध्याकाळ हेच करत असल्यामुळे हे तरी आपल्याला नीट येतं, अशी माझी खात्री होती.

मॅडम क्षणभर थांबल्या. "पुन्हा करा बरं." मी पुन्हा केलं.

"ताई, तुम्ही आत ओढत नाही आहात. खाली ढकलताय. शौचाला जोर करतो ना, तसं."

तो फेब्रुवारी २०२४ चा महिना होता. माझं वय ४७. राहायला ठाण्यात नौपाड्यात, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. नोकरी तुर्भ्याला, एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात. थोरली २००४ ची. ती चिमटा लावून झाली, वजन साडेतीन किलो. धाकटा २००९ चा. त्याच्या वेळी बाळंतपणानंतर चार-पाच महिने शिंकलं की लघवीचे दोन-चार थेंब यायचे. मग ते आपोआप थांबलं आणि मी विसरूनही गेले. २०२३ च्या पावसाळ्यात मला महिनाभर खोकला झाला. त्यात हे परत आलं, आणि खोकला गेला तरी गेलं नाही.

सुरुवातीला फक्त खोकला आणि शिंक. पुढे पाण्याची बादली उचलताना, पुलाचा जिना भराभर चढताना. दिवाळीच्या सुमाराला त्यात दुसरा प्रकार मिसळला. तुर्भ्याहून लोकलने येताना काही वाटायचं नाही, पण घराच्या दाराशी येऊन पर्समधून किल्ली काढली की अशी कळ यायची की कुलूप उघडून बाथरूमपर्यंत पोहोचेस्तोवर साडी भिजलेली. मी साड्या नेसणं सोडलं आणि गडद रंगाच्या सलवारी घालायला लागले. पाळीचे पॅड रोज लावू लागले. लघवी पटकन शोषून घेण्यासाठी ते केलेलेच नसतात. ओल कातडीला लागून राहते, जांघेत पुरळ येते. मला आली. लघवीसाठीचे पॅड औषधाच्या दुकानात वेगळे मिळतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्याआधी मी एका दवाखान्यात जाऊन आले होते. "दोन बाळंतपणं झालीत, वय झालं, असं होतंच," एवढं ऐकून परत आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पिशवी सैल झाली असेल, काढून टाक." आपल्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय. लघवीची पिशवी वेगळी आणि ती असल्या त्रासासाठी काढत नाहीत, हे कोण कोणाला सांगणार? खोकताना लघवी येते एवढ्यावरून गर्भाशय काढायचं नसतं, हे मला मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मग कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ पाहून मी व्यायाम सुरू केला. त्यातली बाई म्हणत होती, लघवी करताना मध्येच धार थांबवा, दिवसातून पाच वेळा. मी ते केलं आणि वर बसल्या-बसल्या 'आवळणं' केलं. ते आवळणं नव्हतंच, हे त्या टेबलावर कळलं.

पण सुरुवात तपासणीपासून झाली नाही. पहिल्या भेटीत मॅडमनी प्रश्न विचारले, लघवीची साधी तपासणी, कल्चर आणि साखर तपासायला सांगितली आणि हातात एक तक्ता दिला. तीन दिवस भरायचा आणि त्यातला निदान एक दिवस ऑफिसचा हवा. प्रत्येक वेळी लघवी मापात करायची, वेळ आणि मिली लिहायचं. काय प्यायले, किती प्यायले, लिहायचं. गळलं तर त्या क्षणी काय करत होते, घाई होती की नव्हती, तेही लिहायचं. मी पाचशे मिलीचं प्लॅस्टिकचं माप आणलं. ऑफिसच्या दिवशी ते कापडी पिशवीत घालून नेलं, बाथरूममध्ये धुऊन परत पिशवीत. संकोच वाटला. पण त्या तक्त्याने मला माझ्या शरीराबद्दल जे सांगितलं, ते दुसऱ्या कशाने कळलं नसतं.

पहिल्या दिवसाचा हिशोब असा. सकाळी उठल्यावर ३५० मिली. त्यानंतर रात्री झोपेपर्यंत आणखी १२ वेळा, प्रत्येक वेळी साधारण ८० ते १०० मिली. एकूण १,४०० च्या आसपास. दुपारी बारापर्यंत चार कप चहा आणि मग संध्याकाळी घरी येईपर्यंत जेमतेम एक भांडं पाणी. लोकलमध्ये सोय नसते म्हणून मी पाणी तोडलं होतं. तीन दिवसांत आठ वेळा गळलं होतं. पाच वेळा खोकला, जिना, बादली अशा वेळी, घाई नसताना. तीन वेळा दाराशी किंवा नळाचं पाणी सोडल्यावर, घाईने.

मॅडमनी ३५० च्या आकड्याभोवती गोल काढला. "तुमची लघवीची पिशवी लहान नाही. झोपेत ती साडेतीनशे मिली निवांत धरते. दिवसा तुम्ही तिला भरूच देत नाही." खरंच होतं. घरातून निघताना एकदा, ऑफिसात पोचल्यावर एकदा, जेवायला जाताना, मीटिंगच्या आधी, निघताना. घाई असो-नसो, वाटेत नको म्हणून मी जात होते. असं महिनोनमहिने केलं की पिशवीला थोडंसं भरलं तरी कळ द्यायची सवय लागते. घट्ट आणि थोडी लघवी, त्यावर चहा, ह्याने कळ आणखी वाढते. पाणी तोडून मी कोरडी राहत नव्हते, उलट घाई वाढवत होते.

दुसऱ्या भेटीला पिशवी भरलेली ठेवून यायला सांगितलं होतं. आडवं झोपवून खोकायला लावलं. खोकला आणि थेंब एकाच क्षणी. खोकल्याबरोबरच येऊन खोकल्याबरोबरच थांबलं तर ती दाबाची गळती. खोकला होऊन गेल्यावर थोड्या वेळाने सुरू होऊन वाहत राहिली, तर खोकल्याने पिशवीच आकुंचन पावली असं समजतात, आणि तिथे उपायांची दिशा बदलते. माझी दाबाची होती. मग लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत आत किती उरली ते पाहिलं. २० मिली, म्हणजे पिशवी नीट रिकामी होत होती. जंतुसंसर्ग नव्हता, साखर ठीक होती. लघवीत रक्त, वेदना, ताप ह्यातलं काही असतं तर आधी त्याचा शोध घेतला असता, व्यायाम नंतर.

आणि मग ती बोटाची तपासणी.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. लघवीची नळी, योनीमार्ग आणि गुदद्वार तिच्यातून खाली येतात. खोकलं की पोटातला दाब एकदम खाली येतो. झोळी ताठ असेल तर नळी तिच्यावर दाबली जाऊन बंद होते. झोळी सैल असेल तर नळीही दाबाबरोबर खाली जाते आणि तोंड उघडतं. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावलेल्या, ही झोळी ताणली जाते, कधी एका बाजूने हाडापासून सुटतेही. पाळी जायच्या वयात तिथली कातडी आणि नळीचं अस्तर पातळ होतं, त्याने भर पडते. आणि मी पाच महिने रोज त्या सैल झोळीवर वरून जोर देत होते.

माझा जोर मॅडमनी पाचपैकी दोन असा मांडला आणि तोही बोट दाखवून दाखवून जमवल्यावर. तीन सेकंदांच्या वर पकड टिकत नव्हती. त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, ह्याच कामाचं शिक्षण घेतलेल्या. तिचा पहिला तास मी कधीच विसरणार नाही. वयाने माझ्या मुलीहून दहाएक वर्षांनीच मोठी असेल, पण माझी एवढीशीही कुचंबणा होऊ दिली नाही तिने.

ती म्हणाली, "लघवी विसरा. भरल्या घरात पाहुणे बसलेत आणि वारा सरायला आलाय. काय कराल?" मी आवळलं. "आता तेच मागून पुढे आणा, आणि वर उचला." हाताला आरसा दिला. आरशात योनी आणि गुदद्वार ह्यांच्या मधली जागा दिसते. ती आत, वर ओढली गेली पाहिजे. बाहेर फुगली तर तो जोर खाली चाललाय. मी आधी करत होते तसं करून पाहिलं तर ती जागा स्पष्ट फुगली. हे पाच महिन्यांपूर्वी कोणी आरसा देऊन दाखवलं असतं तर! आरसा नको वाटला तर स्वच्छ बोट आत ठेवूनही कळतं. बोटाभोवती आवळल्यासारखं होऊन ते वर ओढलं जावं, बाहेर ढकललं जाऊ नये. दुसरा हात पोटावर ठेवायचा. पोट फुगलं, श्वास अडला, मांड्या किंवा ढुंगण घट्ट झालं, तर काम भलतेच स्नायू करतायत.

धार मध्येच थांबवायचा व्यायाम तिने त्याच दिवशी बंद करायला लावला. योग्य स्नायू कोणता हे एखाद्या वेळी ओळखायला ठीक, पण रोज केलं तर पिशवी पूर्ण रिकामी व्हायची सवय बिघडते.

मला दिलेला कार्यक्रम साधा होता. तीन सेकंद वर उचलून धरायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं. असं आठ वेळा. मग आठ वेळा पटापट आवळ-सोड. दिवसातून तीनदा, पहिले दोन आठवडे आडवं पडून. नंतर बसून, मग उभं राहून, कारण गळती उभ्यानेच होते. दर आठवड्याला धरण्याचा वेळ एक सेकंद वाढवत दहापर्यंत जायचं. सोडणं हाही व्यायामाचा भाग आहे, हे ती दर वेळी सांगायची. मी अर्धवटच सोडायचे, आणि स्नायू पुढच्या वेळी दमलेलाच असायचा. सकाळी उठल्यावर अंथरुणात, दुपारी डबा खाल्ल्यावर खुर्चीत आणि रात्री. निदान तीन महिने केल्याशिवाय जमलं की नाही ठरवायचं नाही, असं दोघींनी बजावलं होतं.

पण एका गोष्टीसाठी मला तीन महिने थांबावं लागलं नाही. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी उचलायचं, मग खोकायचं. बादली उचलण्याच्या आधी, खुर्चीतून उठण्याच्या आधी. स्नायूचा जोर वाढायला वेळ लागतो, पण आहे तो जोर योग्य क्षणी वापरणं लगेच शिकता येतं. दहा-बारा दिवसांत बादलीची गळती जवळजवळ थांबली. शिंकेला अजून चुकायचं, कारण शिंक सांगून येत नाही.

दाराच्या कळीचा उपाय वेगळा होता आणि तो मला जास्त अवघड गेला. कळ आली की आपण धावतो. धावलं की पिशवी हलते, मन तिथेच अडकतं आणि कळ चढते. तर धावायचं नाही. आहे तिथे थांबायचं, जमलं तर बसायचं. पाच-सहा वेळा पटापट आवळायचं आणि श्वास चालू ठेवायचा. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते. उतरल्यावर चालत जायचं. पहिल्यांदा मी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर, किल्ली हातात घेऊन, बसले. समोरच्या वहिनी दार उघडून म्हणाल्या, "काय हो, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही, दम घेतेय." त्या दिवशी थोडी गळलीच. चौथ्या-पाचव्या वेळी कळ खरोखर उतरली. तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

त्यासोबत वेळ वाढवायची. तक्त्याप्रमाणे मी सव्वा तासाला जात होते. म्हणून सव्वा तास हीच सुरुवात, आणि दर आठवड्याला १५ मिनिटं जास्त. 'असू दे, जाऊन येऊ' हे बंद. चहा चारावरून दोन कप. पाणी उलट वाढवलं, दिवसभरात विभागून. गाडीच्या आधी तासभर थोडं कमी, एवढंच. इसबगोल सुरू केलं, कारण बद्धकोष्ठात कुंथणं म्हणजे पुन्हा त्याच झोळीवर जोर.

सहाव्या आठवड्यात मी सोडून द्यायच्या बेतात होते. घरी पाहुणे, मार्चअखेरीचं काम, व्यायाम दिवसातून एकदाच आणि त्यात सर्दी. दोन दिवस पूर्वीसारखंच भिजले. फिजिओथेरपिस्टने बोटाने तपासलं आणि म्हणाली, "जोर तीनवर आलाय. सर्दीत शिंका जास्त म्हणून दमतोय. शिंका थांबल्या की बघा." ती बरोबर होती. त्या तपासणीशिवाय मला हे कळायला मार्गच नव्हता, कारण बाहेरून काही दिसत नाही.

मेच्या शेवटी दुसरा तक्ता भरला. दिवसाला आठ वेळा, बहुतेक वेळा २०० ते २५० मिली. मधला वेळ पावणेतीन तासांवर पोचला होता. तीन दिवसांत एकदाच गळलं, पूर्ण पिशवी घेऊन गाडी पकडायला धावले तेव्हा. जोर पाचपैकी चार. भरलेल्या पिशवीने खोकायची तीच परीक्षा झाली. आडवं असताना कोरडी, उभं राहून तीन वेळा जोरात खोकल्यावर एक थेंब.

मॅडमनी पुढचे रस्तेही समजावून सांगितले. दाबाची गळती एवढ्याने थांबली नाही, तर नळीखाली आधार देणारी पट्टी घालायचं ऑपरेशन असतं. पुष्कळ बायकांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण ते घाईच्या कळीसाठी नाही, आणि कृत्रिम जाळीची पट्टी असेल तर ती योनीत उघडी पडणं, लघवी करायला त्रास होणं, दुखत राहणं, असं काहींना होऊ शकतं, म्हणून मुलं होणं संपल्यावर आणि व्यायाम नीट करून पाहिल्यावरच. घाईसाठी गोळ्या असतात. त्यांतल्या जुन्या प्रकाराने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि उतारवयात गोंधळल्यासारखं होऊ शकतं, म्हणून जपून देतात. पाळी गेल्यावर कोरडेपणाबरोबर घाई असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. मला सध्या ह्यातलं काहीच नको होतं. व्यायाम मात्र सोडायचा नाही, दिवसातून एकदा तरी. सोडला तर स्नायू परत सैल पडतो.

हे सगळं मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, यजमानांनाही अर्धवटच. पण सासूबाईंच्या नजरेतून माप सुटलं नाही. वय ७६. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुला बरं वाटलं ना त्या व्यायामाने? मलाही शिकव." त्यांना पाच-सहा वर्षं त्रास होता. रात्रीतून चारदा उठायच्या, गुडघ्यांमुळे पोचायला उशीर व्हायचा. त्या पाणी पिणं टाळायच्या, लग्नकार्याला जाणं टाळायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांना गर्दी आवडत नाही.

मी शिकवायलाच बसले होते, पण मॅडमचं वाक्य आठवलं, आधी आत किती उरते ते पाहायचं. म्हणून त्यांना घेऊन गेले. लघवी केल्यावरही आत २३० मिली उरत होती. त्यांचं अंग बाहेर येत होतं, जोर केल्यावर हाताला लागायचं, आणि ते त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. खाली उतरलेल्या अंगाने नळी दुमडली जात होती, पिशवी कधी पूर्ण रिकामी होतच नव्हती. म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागायचं, आणि भरून वाहायचं. त्यांनी नुसतं माझ्यासारखं जास्त वेळ धरून ठेवलं असतं, तर उलटंच झालं असतं.

ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. मॅडमनी योनीत बसवायची सिलिकॉनची कडी मोजून बसवली. दर काही महिन्यांनी काढून, धुऊन, आत जखम नाही ना पाहून परत बसवायची. सोबत रात्री लावायचं मलम. आठवड्याने मोजलं तर आत ४० मिली उरली. कडी बसल्यावर नळी सरळ होते, त्यामुळे कधीकधी खोकताना गळणं नव्याने दिसू लागतं, असंही आधीच सांगून ठेवलं होतं. आईंना ते थोडं झालंच, म्हणून आता झोळीचा व्यायाम त्याही करतात, खुर्चीत बसून, माझ्याबरोबर.

त्यांचा तक्ता मी भरते. चष्म्याशिवाय मापावरच्या रेघा त्यांना दिसत नाहीत, म्हणून मी लाल नेलपॉलिशने शंभर-शंभरवर खुणा केल्यात. "दुसऱ्या लाल रेघेच्या थोडं वर," त्या बाथरूममधून सांगतात, आणि मी स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर वेळ टाकून लिहिते.